मधला डाग

कारंज्याच्या अमिरुन्निसाला त्या हिवाळ्यात सगळ्याचाच कंटाळा आला होता. बाळंतपणांचा, बाळंतिणींच्या सासवांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या गुडघ्यांचा. पंचावन्न वय. त्यातली सत्तावीस वर्षं दाईपणात गेलेली. नवरा निजामुद्दीन गाद्या पिंजायचा, तो तरणाताठा गेला आणि बाईनं आपल्या फुफीकडून, म्हणजे आत्याकडून, शिकलेला धंदा हाती घेतला. तेव्हापासून कोणी बोलवायचं आणि हिनं उठून जायचं. पाऊस असो, रमजान असो, अंगात ताप असो, "आज नाही" म्हणायची सोयच नव्हती. पोट दुखणारी बाई थांबते का कोणासाठी?

त्यातून बाईला नाव होतं. कारंज्यापासून कामरगावापर्यंत हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी, सगळीकडे "अमिरुनबीनं सांगतलं" म्हटलं की पुढे कोणी तोंड उघडत नसे. बाईलाही ते गोड लागायचं. लागणारच! सत्तावीस वर्षं दुसऱ्याचं रक्त धुतल्यावर माणसाला तेवढं तरी मिळावं की नाही?

पण त्याच नावानं त्या साली तिची मान धरली. सालही कसलं, त्रेचाळीस. तिकडे लढाई चाललेली, इकडे रॉकेल मिळेना, साखर मिळेना, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. संक्रांतीच्या दोन दिवस आधी कामरगावाहून मनकर्णाबाईचा निरोप आला, आणि पाठोपाठ बैलबंडीही आली.

मनकर्णाबाई म्हणजे चाळीस एकर कापसाच्या घरची मालकीण. एकुलता एक मुलगा हरिसिंग, त्याची बायको धुरपता. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. अमिरुन्निसा जाऊन ओसरीवर बसते न बसते तोच म्हातारीनं सरळ विषयाला हात घातला.

"पाहा अमिरुनबी, आता पुरं झालं. माह्या भावाची पोरगी हाये. हेमसिंग द्यायले तयार हाये. पण त्याचं म्हणणं एकच, पहिली असताना पोरगी देतो तर पहिलीत दोष हाये असं दाईनं चार जणाइसमोर सांगावं. उद्या लोकाइनं बोट दाखवाले नको."

"मंग?"

"मंग काय? तुमी सांगा. तुमीच पायलं हाये तिले. संक्रांत झाली की सातव्या दिवशी हेमसिंग येते. तुमी या न सांगा का ह्या बाईच्या पोटी लेकरू राहत नाही."

धुरपता तिथंच चुलीपुढं बसली होती. मागं वळूनही पाहिलं नाही तिनं. भाकर थापत होती, थापतच राहिली. तव्यावरची एक भाकर जळाली तरी उलटली नाही. तरी अमिरुन्निसानं मान हलवली. येईन म्हणाली. काय करणार? तिला मनातून तेच वाटत होतं. ही पोरगी सहा वर्षांत राहिली नाही, तर आता काय राहणार?

कारण धुरपताची तक्रार तिला ठाऊक होती. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं माहेरी-सासरी येण्याजाण्यातच गेली होती; तीन वर्षांपूर्वी मनकर्णाबाईनंच सुनेला दाखवायला आणलं होतं. पोरीला महिन्यातून दोनदा विटाळ यायचा. एकदा रीतसर, चार दिवस. चार दिवस बाहेर बसायची, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायची. मग आठ-नऊ दिवस गेले की पुन्हा लुगड्याला डाग. फार नाही, गुलाबी नाहीतर मातकट, दीड दिवसाचा. ओटीपोटात एका बाजूला जरा दुखायचं, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. पण डाग तो डाग. मनकर्णाबाईच्या घरी कुळदेवी, सोवळं कडक. पुन्हा चार दिवस बाहेर, पुन्हा न्हाणं.

तेव्हा अमिरुन्निसानं पोट चाचपलं, थोडा विचार केला आणि मोठ्या विश्वासानं सांगितलं होतं, "पिशवी कच्ची हाये हिची. पहिल्या न्हाण्यानं साफ होत नाही, म्हणून मधात परत गयते. नवऱ्याले म्हणा, पहिल्या न्हाण्यानंतर जवळ जाऊ नको. दुसरा डाग निघून गेला, दुसरं न्हाणं झालं, का मंग जा. तवा पिशवी कोरडी असते, बीज धरीन."

तिच्या फुफीनं तिला असंच शिकवलेलं. आणि त्या घरानं ते अक्षरशः पाळलं. दाईचं सांगणं! हरिसिंग पहिल्या न्हाण्यानंतर शेतातल्या मांडवात झोपायला जायचा. दुसऱ्या न्हाण्याच्या दिवशी म्हातारी स्वतः त्याला घरी बोलवायची. तीन वर्षं. एक महिना चुकला नाही.

कामरगावाहून परतली तर दारात गोजराबाई बसलेली. गोजराबाई भाजी विकायची, वीस वर्षांची शेजारीण, विधवा, हिच्याच वयाची. तोंडानं फाटकी, मनानं सोनं. त्या दिवशी मात्र ती हळू आवाजात म्हणाली,

"अमिरुन, ते अजून थांबलं नाही वो."

अमिरुन्निसाला आठवलं. गोजराबाईची पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. मागच्या पावसाळ्यात पुन्हा थोडा डाग दिसला, तेव्हा अमिरुन्निसाच हसून म्हणाली होती, "अवं, जाता जाता मागं वळून पाहून राह्यली ते. जाईन आपोआप." आणि विसरून गेली होती. गोजराबाई मात्र सहा महिने फडकी धूत राहिली.

"आता पाणी जाते," गोजराबाई म्हणाली. "त्याले घाण वास येते. बाजारात बसाची लाज वाटते मले. कंबर तं अशी दुखते का रात्र निघत नाही."

तिचे दंड पाहिले तर काड्या झालेल्या. कधी झाल्या? रोज तर दिसत होती ही बाई! अमिरुन्निसाला स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं गोजराबाईला धरून मोटारीत बसवलं.

कोळशाची ती मोटार, तिचं काय सांगावं! मागं भट्टी, ड्रायव्हर उतरून पंखा फिरवतो, चढावर सगळ्यांनी खाली उतरायचं. मंगरूळपर्यंत गोजराबाई तीनदा उतरली आणि तिसऱ्यांदा चढताना तिला उचलून घ्यावं लागलं. वाशीमला पोचायला दुपार कलली. बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, पुण्याकडच्या, चष्मा लावणाऱ्या, चाळिशीच्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलेलं. बाहेर पडवीत तीस-पस्तीस बाया बसलेल्या आणि तपासायला ह्या एकट्याच.

त्यांनी गोजराबाईला आत नेलं. बराच वेळ लागला. मग अमिरुन्निसाला एकटीला बोलावलं.

"तुम्ही दाई ना?"

"व्हय."

"हिची पाळी जाऊन पाच वर्षं झाली. त्यानंतर डाग दिसला तेव्हा तुम्हाला विचारलं होतं?"

अमिरुन्निसानं मान खाली घातली. खोटं बोलता आलं असतं. नाही बोलली. "इचारलं होतं. मी म्हटलं, जाईन आपोआप."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागवायचीही ताकद नव्हती बहुतेक त्यांच्यात. "पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे. बोट लावलं की रक्त येतं. कॅन्सर आहे. मुंबईला रेडियमचा उपचार होतो, पण आता आजूबाजूला पसरलंय. सहा महिन्यांपूर्वी आली असती तरी बरी झाली असती असं मी छातीठोक नाही सांगत. पण पाठवली असती."

अमिरुन्निसा तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. रडूही येईना. "म्हंजे डाग वाईटच असते का बाई? सगळा डाग?"

"नाही हो. सगळा कुठला?"

मग तिच्या तोंडून धुरपता निघाली. का निघाली कोण जाणे, कदाचित गोजराबाईचं नाव पुन्हा घ्यायची हिंमत नव्हती म्हणून. जवान पोरगी, महिन्यातून दोनदा विटाळ, तिलाही हाच रोग तर नाही? डॉक्टरीणबाई एकएक विचारू लागल्या. दुसरा डाग कधी येतो? दर महिन्याला त्याच सुमारास? पहिली पाळी सुरू झाल्यापासून किती दिवसांनी?

अमिरुन्निसानं बोटांवर मोजलं. "तेरा-चौदा. न त्याच्यापासून चौदाव्या दिवशी परत रीतसर बसते."

"किती जातं?"

"दोन बोटं डाग. दीड दिवस. वास नाही. एका बाजूले कळ मारते."

"आणि नवऱ्याजवळ गेल्यावर येतो का?"

"नाही. नवरा तं तवा जवळच नसते."

"मग मी तपासल्याशिवाय शपथ घेणार नाही, पण हा रोग दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाईच्या पोटात दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. महिन्याच्या मध्यावर त्यातून एक बीज सुटतं. त्या आधी अंगातला एक रस वाढत जातो, त्याच्या जोरावर पिशवीचं आतलं अस्तर वाढतं. बीज सुटायच्या सुमाराला तो रस एकदम थोडा उतरतो. जोर कमी झाला की अस्तराचा एखादा कण सुटतो, थेंब-दोन थेंब रक्त येतं. मग दुसरा रस सुरू होतो आणि अस्तर पुन्हा सावरतं. सगळ्या बायकांना होत नाही, काहींनाच होतं. ती विटाळाची पाळी नव्हेच. ती बीज सुटल्याची खूण."

"बीज? मंग लेकरू कवा राहते?"

"तेव्हाच की! बीज जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचं बी तीन-चार दिवस आत जिवंत राहू शकतं. म्हणून डागाच्या आधीचे चार-पाच दिवस आणि डागाचा दिवस, तेवढेच खरे. डाग जाऊन चार दिवस झाले की मग काय उपयोग? शेत नांगरलं आणि पेरणी पुढल्या महिन्यात!"

डॉक्टरीणबाईंनी ते सहज म्हटलं. त्यांना काय माहीत समोरच्या बाईवर काय कोसळलं ते. ज्या दिवसांत लेकरू राहायचं, नेमक्या त्याच दिवसांत तिनं हरिसिंगला शेतातल्या मांडवात झोपायला धाडलं होतं. आणि जेव्हा काही होऊच शकत नव्हतं, तेव्हा न्हाऊ-माखू घालून बोलावलं होतं. छत्तीस महिने!

निघताना डॉक्टरीणबाईंनी तिला पडवीपर्यंत येऊन सांगितलं. पाळी गेल्यावर वर्षानं एक थेंब जरी दिसला तरी इकडे आणा. नवऱ्याजवळ गेल्यावर डाग येतो तिलाही आणा. वास मारतो, पाणी वाहतं, दिवसांचा काही मेळच नाही, फार जातं, तिलाही आणा. "आणि दिवस राहिलेल्या बाईला डाग दिसला तर वाट पाहू नका. मधला डाग म्हणून सोडू तर अजिबातच नका, कारण दिवस गेल्यावर बीज सुटत नाही, मग मधला डाग येईल कुठून?"

परतीच्या मोटारीत गोजराबाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. अमिरुन्निसानं तिला काही सांगितलं नाही. नंतर सांगितलं, दोन दिवसांनी. गोजराबाई एवढंच म्हणाली, "तुह्यावर तरी कशी रागावू वो, तुले तरी कुठं माहीत होतं." ती रागावली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं.

संक्रांतीनंतरचा सातवा दिवस उगवला. बंडी दारात आली. तोंड बंद ठेवलं तर कोणाला कळणार होतं? डॉक्टरीणबाई वाशीमला, कामरगाव इकडे. "दोष हाये" म्हटलं की लुगडं-चोळी, शेरभर तूप, आणि तिचं नाव होतं तसं राहणार. खरं बोललं तर? आतापर्यंत किती जणींना काय काय सांगितलं त्याचा हिशेब लोक मागणार. म्हातारपणी पोट कशावर भरायचं? बंडीत बसेपर्यंत तिचं काही ठरलं नव्हतं.

ओसरीवर हेमसिंग, दोन म्हातारे भाऊबंद, हरिसिंग खांबाला टेकून खाली पाहत बसलेला. मनकर्णाबाई दारात. धुरपता त्या दिवशी बाहेर बसली होती, गोठ्याच्या भिंतीशी, गोणपाटावर. अमिरुन्निसानं जाता जाता विचारलं, "कोणता?"

"मधला," धुरपता म्हणाली. "काल दिसला." आणि मग अगदी हळू, "मावशी, सांगून टाका बिनधोक. मले आता काईच वाटत नाही. थकली मी."

त्या "थकली मी"नं अमिरुन्निसाचं ठरलं. पंचावन्न वर्षांच्या बाईनं थकावं, तेवीस वर्षांच्या पोरीनं काहून थकावं?

हेमसिंगनं विचारलं, "बोला बाई. पोरीत दोष हाये का नाही?"

"दोष हाये," अमिरुन्निसा म्हणाली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "पण तो तिच्यात नाही. माह्या सांगण्यात हाये."

आणि तिनं सगळं सांगितलं. पुरुषांसमोर अशा गोष्टी बोलायचा रिवाज नव्हता, म्हातारे पागोट्याचं टोक तोंडाशी धरून बसले, पण ती थांबली नाही. डाग कशाचा ते सांगितलं. दिवस कोणते ते सांगितलं. "मी हरिसिंगले उलटे दिवस सांगतले. पिशवी कच्ची नोहे, काही नोहे. तीन वर्ष मी ह्या घराले फसवलं. जाणून नाही, पण फसवलं."

मनकर्णाबाईचा आवाज फुटला. "तीन वर्ष! माह्या पोराले तीन वर्ष मांडवात झोपवलं मी तुह्या सांगण्यावरून! थंडीत, पाण्यात! न आता म्हणतेस उलटं?" तिनं रस्त्याकडे बोट केलं. "चालती हो. माह्या उंबऱ्यात पाय ठेवू नको परत."

"जातो," अमिरुन्निसा म्हणाली. "पण चार महिने द्या पोरीले."

हेमसिंग सरळ माणूस निघाला. पागोटं सारखं करत म्हणाला, "अक्का, दाई अशी बोलत असीन तं मी आज पोरगी देत नाही. अखाजीपर्यंत पाहा. अखाजीलेही तसंच राह्यलं तं मंग बोलू."

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणजे चार महिनेसुद्धा नाही, साडेतीन. अमिरुन्निसा बंडीशिवायच निघाली, दिली कोणी असती? गोठ्याजवळून जाताना धुरपता उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. अमिरुन्निसाला वाटलं, पोरगी काहीतरी बोलेल, पायाला हात लावेल, निदान रडेल. ती नुसती पाहत राहिली. त्या पाहण्यात माया नव्हती. अमिरुन्निसा मान खाली घालून गावाबाहेर पडली, आणि दहा कोस पायी कशी आली हे तिच्या गुडघ्यांनाच माहीत.

बातमी तिच्याआधी कारंज्यात पोचली. बोलावणी आटली. फाल्गुनात तर महिनाभर एकही नाही. ती गोजराबाईचं करत बसली. कपडे बदल, पाणी पाज, वास जावा म्हणून ऊद जाळ. गोजराबाई फाल्गुन संपता संपता गेली. मरायच्या आदल्या दिवशीपर्यंत टोपल्यातली वांगी सडत नाहीत ना हे विचारत होती.

आणि चैत्रात, एका टळटळीत दुपारी, धुरपता तिच्या दारात उभी राहिली. एकटी. डोक्यावरून पदर ओढलेला. माहेरी चालली म्हणून सांगून मोटारीनं आलेली.

आत आली, बसली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "पन्नास दिवस झाले, मी बसली नाही."

अमिरुन्निसाच्या काळजात आनंद उसळला. "या अल्ला! अवं मंग..."

"सकाळी डाग दिसला." धुरपतानं तिचा हात घट्ट धरला. "थोडासाच. मातकट. मधलाच असीन न मावशी? तुमीच म्हटलं होतं, मधला डाग वाईट नसते. सासूले सांगतलं नाही. सांगतलं तं ते गेलं म्हणीन, मले बाहेर बसवीन. अखाजीले अठरा-वीस दिवस हायेत. मावशी, तुमी म्हणा न का मधलाच हाये!"

म्हणणं किती सोपं होतं. पोरीचे डोळे ते मागत होते. तिला धीर आला असता, घरी जाऊन निजली असती. अमिरुन्निसा आयुष्यभर हेच तर करत आली होती, समोरच्या बाईला जे ऐकायचं ते ठासून सांगायचं.

"नाही वो धुरपता," ती म्हणाली. "दिवस गेल्यावर मधला डाग नसते. बीजच सुटत नाही तवा. हा दुसराच हाये काहीतरी."

"काय हाये?"

"मले नाही माहीत."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा हे शब्द तिच्या तोंडून निघाले. "चाल," अमिरुन्निसा उठली. गुडघ्यांनी नाही म्हटलं, तरी उठली. "मोटार मिळते अजून. वाशीमले चाल."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. एका बाजूला दुखतं का, चक्कर येते का, खांदा दुखतो का, हे दोनदा विचारलं. नाही. पिशवीचं तोंड बंद होतं, पिशवी दिवसांप्रमाणे वाढलेली. "गर्भ नळीत अडकलेला वाटत नाही, ते सगळ्यात वाईट. पण हा टिकेल की नाही, आज मी सांगू शकत नाही. अशा कितीतरी जणींचा डाग थांबतो आणि मूल राहतं, कितीतरी जणींचं जातं. जड उचलू नको, नवऱ्याजवळ जाऊ नको, पडून राहा. लाल रक्त वाढलं, कळा आल्या, भोवळ आली, तर रात्र-दिवस पाहू नका, घेऊन या."

त्यांनाही माहीत नव्हतं. आणि तरी ती बाई हे किती सरळ बोलली! अमिरुन्निसाला त्याचं नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती धुरपताला घेऊन कामरगावात शिरली. जिथं पाय ठेवायचा नाही, त्या उंबऱ्यासमोर उभी राहिली. मनकर्णाबाई बाहेर आली, तोंड उघडणार एवढ्यात हिनं सांगून टाकलं, एका दमात. दिवस राहिले आहेत. डाग आला आहे. वाशीमला दाखवलं. झोपून राहायला पाहिजे, खाटेवर, घरात. गोठ्यात ओलीत नाही.

मनकर्णाबाई दारातच खाली बसली. "लेकरू राहीन का?" तिनं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

"मले नाही माहीत बाई. खरंच नाही माहीत. तिथल्या डॉक्टरणीलेही नाही माहीत."

म्हातारी उठली. आत गेली. आता दार लावते असं अमिरुन्निसाला वाटलं. पण आतून खाट ओढल्याचा आवाज आला. माजघरात, देवघराच्या भिंतीला लागूनच मनकर्णाबाई खाट लावत होती, एकटी, धापा टाकत. शेजारची बाई डोकावून म्हणाली, "अवं, तिले तं डाग हाये न? देवाजवळ?"

"देवाले दिसते सगळं," मनकर्णाबाई खेकसली. "त्याले दिसू दे. तू जा आपल्या घरी."

डाग चौथ्या दिवशी थांबला. अखाजी आली आणि गेली, हेमसिंग आला नाही. धुरपता झोपून राहिली, मग बसू लागली, मग पोट दिसू लागलं. कार्तिकात बंडी कारंज्याला आली आणि अमिरुन्निसाला घेऊन गेली. बाळंतपण रात्रभर चाललं. पहाटे मुलगी झाली, काळीसावळी, भरपूर जावळाची. मुलगी म्हटलं तरी मनकर्णाबाई उठून गूळ फोडायला गेली.

अमिरुन्निसानं नाळ कापली, पोरीला पुसलं, आईजवळ दिलं. हात धुऊन भिंतीला टेकली. अंगात त्राण उरलं नव्हतं. धुरपता लेकराला पाहत पडली होती. तिनं मान वळवली.

"मावशी."

"काय वो?"

"माहे तीन वर्ष तुमी घेतले." आवाज शांत होता, दमलेला होता. "दर महिन्याले मी रडत होती. ते मी इसरत नाही. तुमी खरं बोलल्या म्हणूनही इसरत नाही."

अमिरुन्निसाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तिनं पुसल्याही नाहीत.

धुरपतानं लेकराला उचललं, दोन्ही हातांनी पुढे केलं. "आता धरा हिले," ती म्हणाली. "मले जरा झोपू द्या."